गुणपत्रिकेवरील प्रश्नाचे उत्तर

आपल्या जिल्ह्यात आयुर्वेदाचे रीतसर शिक्षण सुरू होऊन शतकाहून अधिक काळ लोटला. १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरला आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. त्यानंतर जिल्ह्यात आणखी महाविद्यालये निघाली आणि आज दरवर्षी मोठ्या संख्येने पदवीधर बाहेर पडतात. त्यांतील अनेकजण स्वतःचा व्यवसाय थाटण्यापूर्वी कोणाच्या तरी चिकित्सालयात, रुग्णालयात किंवा औषधनिर्मितीशाळेत काही वर्षे काम करतात. म्हणजेच आपल्या सभासदांपैकी अनेकांना मुलाखत घेण्यासाठी बसावे लागते, आणि अनेकांची मुले, पुतणे, सहायक वैद्य मुलाखत देण्यासाठी जातात. या दोन्ही ठिकाणी एक प्रश्न हमखास निघतो : "या विषयात गुण इतके कमी कसे?" किंवा "हा विषय दोन वेळा का राहिला?"

या प्रश्नाची उत्तरे बहुधा दोन टोकांना जातात. काहीजण हसून "तेव्हा लक्ष नव्हते हो" असे म्हणून मोकळे होतात, तर काहीजण परीक्षक, विद्यापीठ, वसतिगृह आणि प्रकृती यांची लांबलचक कहाणी सांगतात. पहिले उत्तर बेफिकिरीचे वाटते आणि दुसरे सबबीचे. दोहोंमुळे प्रामाणिक आणि कामाचा उमेदवारही हातची जागा गमावतो. या दोन टोकांच्या मधली वाट कोणती, ती नेमक्या कोणत्या पायऱ्यांनी जाते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी औषधनिर्मितीशाळेतील एका जागेचे उदाहरण घेऊ. कारण तेथे कमी गुणांचा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

प्रश्नकर्त्याला काय जाणून घ्यायचे असते?

उमेदवाराच्या गुणपत्रिकेवरील आकडे प्रश्नकर्त्याच्या समोरच असतात. तेव्हा "गुण कमी का?" असे विचारताना त्याला आकडा पुन्हा ऐकायचा नसतो. त्याच्या मनात तीन शंका असतात. पहिली, जे घडले ते या माणसाला स्वतःला नीट कळले आहे काय? दुसरी, ज्या कारणाने विषय राहिला ते कारण अजून शिल्लक आहे काय? तिसरी, त्या विषयातील उणीव माझ्या कामात आड येईल काय?

ही रचना आपणा वैद्यांना अपरिचित नाही. व्याधीचा हेतू, त्याची लक्षणे आणि त्यावरील औषध या तीन सूत्रांवरच आपले शास्त्र उभे आहे. रुग्णाने नुसता हेतू सांगितला, म्हणजे "जागरण झाले, अवेळी जेवलो" असे सांगितले, तर आपले समाधान होत नाही. पुढे काय उपाय केला आणि आता स्थिती कशी आहे हे आपण विचारतोच. मुलाखतीतही हेच घडते. हेतू सांगणे ही सबब नव्हे. हेतू सांगून तेथेच थांबणे आणि उपायाबद्दल एक शब्दही न काढणे, यालाच ऐकणारा सबब म्हणतो. उलट हेतू टाळून एकदम "आता सर्व ठीक आहे" म्हटले, तर त्याला ती बेफिकिरी वाटते, कारण निदान न करताच रोग बरा झाल्याचे सांगण्यासारखे ते होते.

आधी स्वतःची गुणपत्रिका वाचावी

उत्तराची तयारी मुलाखतीच्या खोलीत होत नाही. तिचा आरंभ गुणपत्रिका समोर घेऊन बसण्यापासून होतो. आयुर्वेद पदवीच्या परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण मिळवावे लागतात. एकातील जास्तीचे गुण दुसऱ्यातील तूट भरून काढीत नाहीत. म्हणून "रसशास्त्र राहिले" हे वाक्य अपुरे असते. लेखी राहिले की प्रात्यक्षिक? लेखी राहिले असेल, तर दोन प्रश्नपत्रिकांपैकी कोणत्या? प्रात्यक्षिकात राहिले असेल, तर ते प्रत्यक्ष कर्मात की तोंडी परीक्षेत?

हे बारकावे पाहिल्याशिवाय खरे कारण हाती लागत नाही. लेखीत कमी आणि प्रात्यक्षिकात चांगले गुण असतील, तर बहुधा उत्तर लिहिण्याची पद्धत, वेळेची वाटणी किंवा संस्कृत संदर्भांचे पाठांतर कमी पडलेले असते. प्रात्यक्षिकात कमी गुण असतील, तर उपस्थिती, हाताचा सराव किंवा तोंडी परीक्षेतील भीती यांकडे पाहावे लागते. पहिल्या वर्षीच्या सर्वच विषयांत गुण कमी आणि पुढे क्रमाने वाढत गेलेले असतील, तर तो एका विषयाचा दोष नसून नव्या वातावरणाशी जुळवून घेण्यास लागलेला काळ असतो. बारावीपर्यंत संस्कृतशी संबंध न आलेल्या विद्यार्थ्याला पदार्थविज्ञान आणि संहिता एकदम समोर आल्या, की असे पुष्कळदा होते. याउलट गुण पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षाकडे घसरत गेले असतील, तर प्रश्न अधिक कठीण असतो आणि त्याचे उत्तरही अधिक काळजीपूर्वक शोधावे लागते.

गुणपत्रिकेबरोबर तारखाही पाहाव्यात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन हंगामांत होतात. अंतिम परीक्षा पूर्ण उत्तीर्ण झाल्याशिवाय आंतरवासिता सुरू होत नाही. त्यामुळे विषय राहिला, की प्रवेशाचे वर्ष आणि आंतरवासिता संपल्याची तारीख यांच्यातील अंतर वाढू शकते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे होतात, हे प्रत्येक जाणत्या प्रश्नकर्त्याला ठाऊक असते. अर्जात सहा महिने किंवा एक वर्ष जास्त दिसले, की तो ते मनातल्या मनात मोजतो. शिवाय महाविद्यालयाकडून मिळणारे अटेम्प्ट सर्टिफिकेट अनेक ठिकाणी मागितले जाते. म्हणून लपविण्याचा विचार व्यर्थ आहे, आणि अर्जातील प्रयत्नांच्या रकान्यात खोटी माहिती लिहिली तर पुढे नेमणूकच रद्द होण्याचा धोका असतो. कमी गुण क्षम्य ठरतात, खोटी नोंद ठरत नाही.

एक उदाहरण

आता उदाहरणाकडे वळू. हा उमेदवार काल्पनिक आहे, परंतु अशा गुणपत्रिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. शेवगाव तालुक्यातील एक तरुण पदवीधर नगरजवळच्या एका लहान औषधनिर्मितीशाळेत तांत्रिक पर्यवेक्षकाच्या जागेसाठी आला आहे. या शाळेत चूर्णे, आसव-अरिष्टे आणि औषधी तेले तयार होतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १५७ नुसार आयुर्वेदीय औषधांची निर्मिती सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि ती व्यक्ती पूर्णवेळ नोकरीत असावी लागते. आयुर्वेदाची पदवी ही त्यासाठीची एक मान्य पात्रता आहे. निर्मितीच्या नोंदी, स्वच्छता आणि गुणवत्ता यांसंबंधी त्याच नियमांतील शेड्यूल टी लागू आहे. तेव्हा मालकाच्या दृष्टीने हा माणूस केवळ मदतनीस नसतो. प्रत्येक घाण्याच्या नोंदीवर त्याची सही असणार, आणि अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आले तर उत्तरही त्यालाच द्यावे लागणार.

या उमेदवाराला रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विषयाच्या लेखी परीक्षेत पहिल्या वेळी २०० पैकी ८८, दुसऱ्या वेळी ९४ आणि तिसऱ्या वेळी ११२ गुण मिळाले आहेत. उत्तीर्ण होण्यास १०० गुण लागतात. प्रात्यक्षिकात तो पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाला होता. त्याची पदवी सहा महिने लांबली. म्हणजे ज्या विषयाच्या बळावर त्याला नोकरी हवी आहे, नेमका तोच विषय दोनदा राहिलेला आहे. यापेक्षा अवघड जागा दुसरी नसावी.

मालक विचारतात, "रसशास्त्र दोनदा राहिले. मग आमच्या भट्टीची जबाबदारी तुमच्यावर कशी टाकावी?"

समजा तो म्हणाला, "सर, ते कॉलेजचे दिवस होते. त्या वेळी एवढे मनावर घेतले नाही. पण काम मला सगळे येते." या उत्तरात खोटे काहीच नसेल, तरीही मालकाच्या तिन्ही शंका जशाच्या तशा राहतात. एवढेच नव्हे, तर चौथी शंका उत्पन्न होते : ज्याने दोन वेळा नापास होणे मनावर घेतले नाही, तो तेलाचा एक घाणा बिघडला तर तो तरी मनावर घेईल काय?

समजा तो म्हणाला, "सर, आमच्या वेळी पेपर फार कडक तपासले. वर्गातले पुष्कळजण राहिले. त्यातच घरी अडचणी होत्या, आणि शिकविणारे सरही मध्येच बदलले." यातील प्रत्येक गोष्ट खरी असू शकते. परंतु या उत्तरातील प्रत्येक वाक्याचा कर्ता दुसराच कोणीतरी आहे. बोलणारा स्वतः त्यात कोठेच दिसत नाही. म्हणून ऐकणाऱ्याला असे वाटते, की उद्या घाणा बिघडला तर दोष लाकडाचा, कढईचा किंवा मजुराचा असेल. शिवाय तीन कारणे एकापुढे एक ठेवली, की प्रत्येकाचे वजन कमी होते. ज्याला खरे एक कारण ठाऊक असते, त्याला तीन सांगावी लागत नाहीत.

आता त्याच माणसाचे तिसरे उत्तर पाहू :

"होय, लेखीत दोनदा राहिलो आणि तिसऱ्या वेळी उत्तीर्ण झालो. पहिल्या दोन्ही वेळी भैषज्यकल्पनेच्या प्रश्नपत्रिकेत गुण गेले. भस्मांच्या भागावर मी सगळा वेळ घालविला आणि कल्पनांचा भाग सोपा समजून शेवटी ठेवला. दुसऱ्या वेळीही अभ्यासाची तीच पद्धत ठेवली, ही माझी चूक झाली. तिसऱ्या वेळी प्रत्येक कल्पनेचे प्रमाण, क्रम, सिद्धिलक्षणे आणि टिकण्याचा काळ असे तक्ते करून अभ्यास केला. पण परीक्षा सुटली तरी हात बसला नव्हता, म्हणून आंतरवासितेत महाविद्यालयाच्या रसशाळेत परवानगी घेऊन तैलपाकाला उभा राहिलो. अकरा पाकांची नोंदवही सोबत आणली आहे. आसव-अरिष्टांचा मोठ्या प्रमाणावरील अनुभव मला अजून नाही. तो येथे शिकावा लागेल."

हे उत्तर बोलण्यास एक मिनिटही लागत नाही. त्याचे भाग सुटे करून पाहू, म्हणजे प्रत्येक भागाचे काम लक्षात येईल.

उत्तराचे चार भाग

पहिला भाग वस्तुस्थितीचा. "दोनदा राहिलो, तिसऱ्या वेळी उत्तीर्ण झालो." हे एकच वाक्य सरळ आणि पूर्ण असावे. "थोडासा प्रॉब्लेम झाला होता" असे धूसर बोलू नये. जो आकडा समोरच्या कागदावर आहे तो लहान करून सांगितला, की पुढील सर्व बोलण्यावरील विश्वास कमी होतो. तसेच क्षमायाचनाही नको. मालकाचे काही नुकसान झालेले नाही.

दुसरा भाग कारणाचा. कारण एकच असावे, ते स्वतःच्या कृतीशी निगडित असावे आणि गुणपत्रिकेशी जुळणारे असावे. वरील उमेदवाराने "भैषज्यकल्पनेचा भाग शेवटी ठेवला" असे म्हटले, आणि गुणपत्रिकेत दोन प्रश्नपत्रिकांचे गुण वेगळे दिसत असतील तर मालकाला ते पडताळताही येते. दुसऱ्या वेळी पद्धत न बदलल्याची कबुली या भागातील सर्वांत मोलाची आहे. एकदा नापास होणे हा अपघात असू शकतो. दुसऱ्यांदा का, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याला आपण होऊन उत्तर दिले तर तो विचारण्याची वेळच येत नाही.

तिसरा भाग उपायाचा. येथे "नंतर खूप मेहनत केली" हे वाक्य निरुपयोगी असते, कारण त्यातून काहीच दिसत नाही. काय बदलले ते सांगावे : तक्ते केले, रसशाळेत उभा राहिलो, अकरा पाकांची नोंद ठेवली. ज्या उपायाचा पुरावा टेबलावर ठेवता येतो, तो उपाय ऐकणाऱ्याला खरा वाटतो.

चौथा भाग आजच्या मर्यादेचा. आसव-अरिष्टांचा अनुभव नाही, हे उमेदवाराने स्वतःच सांगितले. यामुळे तो दुबळा ठरत नाही. आपल्या ज्ञानाची सीमा ज्याला ठाऊक आहे तो सीमेपलीकडे पाऊल टाकताना विचारील, असा भरवसा मालकाला मिळतो. मात्र ही मर्यादा जागेच्या मुख्य कामाची नसावी. तेल, चूर्ण आणि आसव यांपैकी काहीच येत नसेल, तर ती मर्यादा राहत नाही, अपात्रता होते. आणि अशा जागेसाठी अर्जच करू नये हे प्रामाणिक.

पुढचा प्रश्न विषयातला असतो

उत्तर चांगले दिले की मुलाखत तेथे संपत नाही, उलट तेथून खरी सुरू होते. ज्या विषयात गुण कमी, त्याच विषयातील प्रश्न जाणता मालक लगेच विचारतो. अनेक उमेदवार कमी गुणांचे स्पष्टीकरण पाठ करून येतात, पण त्या विषयाची उजळणी करून येत नाहीत. आणि मग सुंदर स्पष्टीकरण क्षणात कोसळते.

आपल्या उदाहरणात मालक विचारतील, "एक किलो तेलाला कल्क आणि द्रव किती घ्याल? पाक झाला हे कसे ओळखाल?" सामान्य प्रमाण कल्क एक भाग, स्नेह चार भाग आणि द्रव सोळा भाग असे आहे. म्हणजे एक किलो तेलास पाव किलो कल्क आणि चार किलो द्रव. पाकाची परीक्षा सांगताना कल्क बोटांत वळला असता त्याची वात होते, ती अग्नीवर धरली असता चटचट आवाज होत नाही, आणि तेलावर फेस येतो, ही तीन लक्षणे क्रमाने यावीत. तुपाच्या बाबतीत उलट फेस शमतो, हा भेद आपण होऊन सांगितला तर मालकाला कळते की हे पाठांतर नव्हे. आवाज येतो म्हणजे पाण्याचा अंश शिल्लक आहे आणि असे तेल लवकर खराब होईल. कल्क कडक होऊन जळू लागला म्हणजे पाक खर होऊन त्याच्याही पुढे गेला. हे सांगता आले, तर ८८ गुणांचा प्रश्न तेथेच मावळतो.

नोंदवहीच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अकरा पाकांची नोंद असेल आणि अकराही उत्तम झाल्याचे लिहिले असेल, तर अनुभवी माणूस ती वही बाजूस ठेवतो. चौथ्या पाकात आच जास्त झाली, कल्क करपला, तेल टाकून द्यावे लागले, आणि पाचव्यापासून शेवटच्या टप्प्यात आच कमी केली, अशी नोंद असेल तर ती वही खरी आहे असे त्याला वाटते. घाण्याची तारीख, घटकांचे वजन, सुरू केल्याची आणि उतरविल्याची वेळ, पाकाची लक्षणे, मिळालेले तेल, एवढे रकाने पुरेत. शेड्यूल टी नुसार प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावीच लागते. ज्याला विद्यार्थिदशेत तशी सवय लागली, तो मालकाचे निम्मे शिकविणे वाचवितो.

कारण स्वतःचे नसेल तर?

येथे एक रास्त शंका निघेल. खरोखरच आजारपण आले, घरात मृत्यू झाला, किंवा पावसाने दगा दिल्यामुळे शेतीवर चालणाऱ्या घरातील मुलाला सुट्टीत काम करून शुल्क भरावे लागले, तर ते सांगू नये काय? अवश्य सांगावे. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातील अवर्षणग्रस्त तालुक्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही केवळ कल्पना नाही.

फक्त त्याची मांडणी दोन वाक्यांत असावी. पहिले वाक्य घटनेचे आणि काळाचे : "दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेपूर्वी वडिलांचे ऑपरेशन झाले आणि मी दीड महिना गावी होतो." दुसरे वाक्य स्वतःच्या कृतीचे : "हिवाळी परीक्षेत तो विषय सोडविला आणि त्यानंतर एकही विषय राहिला नाही." घटना काळाने बांधलेली असली, की ती संपली आहे हे ऐकणाऱ्यास आपोआप कळते. तिचा तपशील, रुग्णालयाचे नाव, नातेवाइकांचे वाद, खर्चाचे आकडे यांची गरज नसते. तपशील वाढला की ऐकणारा सहानुभूती दाखवितो, पण निर्णय मात्र दुसऱ्याच्या बाजूने देतो.

कारणाचा काळ आणि गुणांचा काळ जुळला पाहिजे, हेही तपासावे. आजारपण एका उन्हाळ्यातले आणि विषय तीन परीक्षांत राहिलेला, असे असेल तर ते कारण पुरत नाही. उरलेल्या दोन परीक्षांचे वेगळे आणि खरे कारण सांगावे लागेल. आणि ज्याला खरे कारण "अभ्यास केला नाही" एवढेच आहे, त्याने तेच सांगावे. मात्र त्यानंतर केव्हापासून आणि कसा केला, हे लगेच जोडावे. दुखणे आजही चालू असेल, तर नोकरीच्या वेळांवर त्याचा परिणाम होईल काय एवढेच सांगणे पुरे.

विषय राहिला नसून केवळ टक्केवारी कमी असेल, तर लांब उत्तराची गरजच नाही. ज्या जागेसाठी आलो त्या जागेशी संबंधित दोन विषयांतील गुण सरासरीपेक्षा बरे असतील तर तेवढे दाखवावे, आणि नसतील तर त्या विषयातील प्रत्यक्ष कामाकडे बोलणे वळवावे.

या उत्तराच्या मर्यादा

कितीही नीट दिलेले उत्तर सर्वत्र उपयोगी पडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या भरतीत जाहिरातीतच पदवी परीक्षेच्या टक्केवारीला ठराविक गुण दिलेले असतात आणि त्यावरून गुणानुक्रम लागतो, तेथे स्पष्टीकरणाला स्थान नसते. तेथे कमी टक्केवारीची भरपाई जाहिरातीत मान्य केलेला अनुभव किंवा अधिक अर्हता यांनीच होऊ शकते. म्हणून अनुभवाचे प्रमाणपत्र तारखांसह आणि योग्य सहीने तयार ठेवणे हेच काम. पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ पासून देशपातळीवरील प्रवेश परीक्षा आहे, त्यामुळे तेथे त्या परीक्षेतील गुणच निर्णायक ठरतात. बोलण्याला वाव आहे तो खासगी रुग्णालये, चिकित्सालये, औषधनिर्मितीशाळा आणि महाविद्यालयीन पदांच्या मुलाखतींत.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी

शेवटी, टेबलाच्या या बाजूस बसणाऱ्या सभासदांना दोन शब्द. "का नापास झालात?" असे विचारले, की उमेदवार बचावात जातो आणि आपल्याला सबबीच ऐकावयास मिळतात. त्याऐवजी "पहिल्या वेळेपेक्षा तिसऱ्या वेळी अभ्यासात काय वेगळे केले?" असे विचारून पाहावे. ज्याने खरोखर काही बदलले, त्याच्याजवळ याचे उत्तर तयार असते. ज्याने काहीच बदलले नाही, तो येथे अडखळतो. त्यानंतर त्याच विषयातील एक कामाचा प्रश्न विचारावा आणि शक्य असल्यास उमेदवाराला भट्टीपाशी न्यावे. उकळत असलेल्या तेलातील कल्क त्याच्या बोटांत द्यावा आणि पाक कोणत्या अवस्थेत आहे ते विचारावे. त्याला लागणारी दोन मिनिटे गुणपत्रिकेपेक्षा अधिक सांगतात.

आणि उमेदवार नीट निवडला, तरी पहिले तीन महिने प्रत्येक घाण्याच्या नोंदीवर त्याच्याबरोबर जुन्या माणसाचीही सही घ्यावी. ही दक्षता उत्तम गुणांच्या उमेदवाराच्या बाबतीतही तितकीच आवश्यक आहे.